सीसीटीव्हीच्या चित्रावरून माणसाची उंची: मोजमाप कसे होते आणि ते इतके का चुकते

सोलापुरातील एखाद्या दुकानात चोरी झाली की दुसऱ्या दिवशी त्याचे फुटेज मोबाइलवर फिरू लागते, आणि कोणीतरी त्यातील एका चित्रावर लाल रेघ मारून लिहितो की दाराची चौकट सात फुटांची आहे, म्हणून हा माणूस पाच फूट अकरा इंचांचा आहे. हा हिशेब पटण्याजोगा वाटतो, कारण चौकटीची उंची खरोखर ठाऊक असते आणि माणूस तिच्याजवळच उभा दिसतो. मात्र त्याच चित्रावरून, त्याच चौकटीच्या आधारे, दुसरा कोणी तोच माणूस पाच फुटांचा आहे असेही तितक्याच खात्रीने सांगू शकेल. दोघांच्या आकड्यांत अकरा इंचांचा फरक पडतो आणि दोघांनीही टेप नीट धरलेली असते. हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

नवी पेठेतील चादरींचे एक दुकान कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. दुकान आत सुमारे वीस फूट खोल आहे. मागच्या भिंतीवर जमिनीपासून ३०० सेंमी उंचीवर कॅमेरा बसवलेला असून तो दाराकडे किंचित खाली झुकवलेला आहे. कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून शटरची चौकट ६०० सेंमी अंतरावर आहे. जमिनीवर दोन फुटी, म्हणजे ६० सेंमीच्या चौरस टाइल आहेत. एक माणूस आत येतो आणि चौकटीपासून ५० सेंमी आत, म्हणजे कॅमेऱ्यापासून ५५० सेंमी अंतरावर क्षणभर थांबतो. त्याची खरी उंची १६५ सेंमी, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच आहे. ही उंची आपल्याला माहीत आहे. मोजणाऱ्याला ती माहीत नाही.

आता कॅमेऱ्याच्या भिंगापासून त्याच्या टाळूपर्यंत एक सूत ताणले आहे आणि ते तसेच सरळ पुढे चौकटीपर्यंत नेले आहे, असे समजा. भिंग ३०० सेंमी उंचीवर आणि टाळू १६५ सेंमीवर, म्हणजे ५५० सेंमी अंतरात सूत १३५ सेंमी खाली उतरले. पुढच्या ५० सेंमीत ते आणखी सुमारे १२ सेंमी उतरते आणि चौकटीला १५३ सेंमी उंचीवर टेकते. कॅमेऱ्याला टाळू आणि चौकटीवरची ती खूण एकाच ठिकाणी दिसतात, कारण दोन्ही एकाच सुतावर आहेत. त्यामुळे चौकटीवर सेंटिमीटरच्या खुणा करून जो माणूस थेट वाचन करील, त्याला उंची १५३ सेंमी, म्हणजे पाच फूट मिळेल.

दुसरा मोजणारा वेगळ्या पद्धतीने जातो. तो चित्रात माणसाची डोक्यापासून पायापर्यंतची लांबी मोजतो, चौकटीची लांबी मोजतो आणि त्रैराशिक मांडतो. पण माणूस चौकटीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ आहे, म्हणून तो ६०० भागिले ५५०, म्हणजे सुमारे नऊ टक्के मोठा दिसतो. पायापासून भिंगापर्यंतचे सूत मागे वाढवले तर ते चौकटीच्या तळाच्याही खाली जाते. चित्रात माणसाचे पाय उंबऱ्याच्या खालच्या बाजूला दिसतात ते याच कारणाने. ही सगळी वाढीव लांबी चौकटीच्या मापाने मोजली की १६५ चे १८० सेंमी होतात, म्हणजे पाच फूट अकरा इंच.

दोन्ही मोजणाऱ्यांनी गृहीत धरलेली एकच गोष्ट चुकीची होती, ती म्हणजे माणूस चौकटीच्या पातळीत उभा आहे. संदर्भवस्तूची साक्ष फक्त तिच्या स्वतःच्या पातळीपुरती असते. चौकट ज्या उभ्या पातळीत आहे, त्या पातळीतील कोणतीही उंची ती अचूक सांगेल. त्या पातळीच्या पुढे किंवा मागे असलेल्या वस्तूविषयी ती एकटी काहीच सांगू शकत नाही. अर्ध्या मीटरचे अंतर डोळ्याला किरकोळ वाटते आणि सपाट चित्रात तर ते जाणवतही नाही, पण उंचीच्या हिशेबात तेवढ्याने एका दिशेने बारा आणि दुसऱ्या दिशेने पंधरा सेंटिमीटरची चूक झाली.

पाय कुठे टेकले आहेत

यावरचा उपाय म्हणजे आधी माणूस नेमका कुठे उभा आहे ते शोधायचे आणि मगच उंचीकडे वळायचे. इथे टाइल उपयोगी पडतात. जमिनीवरची चौकोनांची जाळी चित्रात तिरकी आणि आक्रसलेली दिसली तरी प्रत्येक सांध्याचे खरे स्थान मोजता येते. किमान चार सांधे ओळखले की चित्रातला कोणताही जमिनीवरचा बिंदू खऱ्या नकाशावर कुठे पडतो, हे गणिताने काढता येते. पायाचा बिंदू त्या नकाशावर बसवला की अंतर ५५० मिळते. मग सुताचा हिशेब उलटा करायचा: चौकटीवरचे वाचन १५३, म्हणजे भिंगापासून १४७ सेंमी खाली, हा उतार ६०० सेंमीत झाला, तर ५५० सेंमीत तो १३५ होईल, ३०० मधून १३५ वजा केले की १६५ उरतात. एकाच चित्रावरून अशी मापे काढण्याचे शास्त्र नीट मांडणीत आणणाऱ्यांमध्ये ऑक्सफर्डचे क्रिमिनिसी, रीड आणि झिसरमन यांचे १९९९ च्या सुमाराचे काम महत्त्वाचे मानले जाते. समांतर रेषा चित्रात जिथे मिळताना दिसतात, त्या बिंदूंचा आधार घेऊन त्यांनी कॅमेऱ्याची अंतर्गत माहिती नसतानाही उंचीचे प्रमाण काढून दाखवले.

हिशेब इथपर्यंत आला की उत्तर अचूक मिळायला हवे असे वाटते. तसे ते मिळतेही, पण पायाचा बिंदू अचूक असेल तरच. म्हणून सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा, की पायाचे स्थान थोडे चुकले तर उंची किती चुकते. आपल्या उदाहरणात डोक्याकडे जाणारे सूत प्रत्येक सेंटिमीटर अंतराला सुमारे पाव सेंटिमीटर खाली उतरते, म्हणून पायाचे स्थान १० सेंमीने चुकले तर उंची अडीच सेंटिमीटरने चुकेल.

पायाचे स्थान दहा सेंटिमीटरने चुकणे फार सोपे आहे. बुटाची लांबीच २७ ते २८ सेंमी असते. डोके साधारणपणे पावलाच्या मध्यावर असते, पण चित्रात स्पष्ट दिसते ते बुटाचे टोक किंवा टाच. माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून असताना बुटाचे टोक हाच पायाचा बिंदू धरला, तर तेरा-चौदा सेंटिमीटर तिथेच गेले आणि त्यासोबत उंचीतले तीनहून अधिक. माणूस चालत असेल तर एक पाय पुढे आणि एक मागे असतो, दोहोंत ६० ते ७० सेंमी अंतर असते आणि डोके त्यांच्या मध्ये कुठेतरी असते. ते नेमके कुठे आहे, हे पावले पाहून ठरवावे लागते. त्यातच गडद बूट, बुटाखालची सावली आणि चकचकीत टाइलवर पडलेले प्रतिबिंब ही तिन्ही एकमेकांत मिसळून जातात, आणि बूट कुठे संपला व प्रतिबिंब कुठे सुरू झाले हे सांगणे अनुभवी डोळ्यालाही जड जाते.

एक परिस्थिती तर अशी आहे, की तिच्यात उंची काढूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि दुकानांत नेमकी तीच सर्वांत जास्त आढळते. माणूस काउंटरमागे, चादरींच्या गठ्ठ्यांमागे किंवा दुचाकीमागे असतो आणि त्याचे पाय दिसतच नाहीत. डोक्याकडे जाणारे सूत तेच राहते, पण त्या सुतावर माणूस कुठेही उभा असू शकतो. आपल्या चित्रात तो ५०० सेंमीवर असेल तर त्याची उंची १७७ सेंमी येते. ६०० सेंमीवर असेल तर १५३. चित्रात डोक्याचा पिक्सेल एकच आहे आणि त्याला जुळणाऱ्या उंचींमध्ये चोवीस सेंटिमीटरचे अंतर आहे. पाय दिसत नसताना कोणी एकच आकडा देत असेल, तर त्याने पायाचे स्थान मनाने ठरवलेले असते, आणि ते कसे ठरवले हे त्याला विचारलेच पाहिजे.

याच कारणाने चेहरा सर्वांत स्पष्ट दिसणारे चित्र उंचीसाठी बहुधा सर्वांत वाईट ठरते. माणूस कॅमेऱ्यापासून २०० सेंमीवर काउंटरपाशी आला की सूत प्रत्येक सेंटिमीटरला पाऊण सेंटिमीटरच्या जवळपास, नेमके सांगायचे तर ०.६७५ सेंमी उतरते. पायाच्या स्थानातील तीच १० सेंमीची चूक आता उंचीत सात सेंटिमीटरच्या आसपास उतरते. कॅमेरा जितका उंच आणि माणूस जितका त्याच्या जवळ, तितके हे प्रमाण बिघडते. म्हणून जाणकार मोजणारा फुटेजमधून चेहऱ्याचे चित्र बाजूला ठेवून माणूस दूर, संदर्भवस्तूच्या जवळ, दोन्ही पाय उघडे दिसतील असा आणि शक्य तितका ताठ असलेला क्षण शोधतो.

एक पिक्सेल किती सेंटिमीटरचा

लांब उभ्या माणसाच्या बाबतीत अडचण दुसरीकडून येते. जुन्या डीव्हीआरवर ७०४ × ५७६ पिक्सेलचे चित्र साठवलेले असते. कॅमेऱ्याचे उभे दृष्टिक्षेत्र ५० अंशांचे धरले, तर साडेपाच मीटरवरच्या माणसाच्या डोक्यापाशी एक पिक्सेल जवळजवळ एक सेंटिमीटरचा होतो. पायापाशी, जमिनीवर कॅमेऱ्याच्या दिशेने मोजले तर तोच पिक्सेल दोन सेंटिमीटरचा होतो, कारण जमीन तिरकी दिसते. काळे केस आणि मागची काळोखी रात्र यांच्यामधली कड कधीच एका पिक्सेलवर संपत नाही, ती तीन-चार पिक्सेलमध्ये विरत जाते. शिवाय साठवणुकीची जागा वाचवण्यासाठी डीव्हीआर चित्र चौकोनी ठोकळ्यांत दाबून ठेवतो आणि कडा त्या ठोकळ्यांच्या सीमेकडे सरकल्यासारख्या होतात. त्यामुळे एकाच चित्रावर तीन जणांना टाळूवर खूण करायला सांगितली तर दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. चित्र मोठे करून पाहिल्याने हा फरक जात नाही. मोठे केल्यावर जी गुळगुळीत कड दिसते ती सॉफ्टवेअरने मधले रंग भरून तयार केलेली असते.

भिंगाचा दोषही इथेच लक्षात घ्यावा लागतो. दुकानांत रुंद कोनाची २.८ किंवा ३.६ मिलिमीटरची भिंगे सर्रास वापरतात आणि त्यांच्यामुळे चित्राच्या कडेला सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात. हे ओळखायची रीत सोपी आहे. शटरची उभी पट्टी किंवा टाइलच्या सांध्यांची लांब ओळ चित्रात पाहायची आणि तिच्या दोन टोकांना पट्टी लावायची. मधला भाग पट्टीपासून सुटला असेल तर भिंगाने चित्र वाकवले आहे, आणि वर सांगितलेला सुताचा सगळा हिशेब ते सरळ केल्याशिवाय लागू होत नाही. काही डीव्हीआर जागा वाचवण्यासाठी ९६० × १०८० सारख्या आकारात, म्हणजे रुंदी निम्मी करून चित्र साठवतात. ते मूळ रुंदीला न ताणता मोजले तर कडेला कललेल्या माणसाच्या बाबतीत पुन्हा घोळ होतो.

संदर्भवस्तूंच्या मापातील चुका त्या मानाने लहान असतात, पण त्या टाळता येण्याजोग्या असल्याने त्यांना सूट देऊ नये. सात फुटी चौकट म्हणून जी बसवलेली असते तिचा काही भाग नंतर टाकलेल्या फरशीत दबलेला असतो, त्यामुळे जागेवर जाऊन टेप लावल्याशिवाय तिचा आकडा धरायचा नाही. दुकान धुतल्यावर पाणी बाहेर जावे म्हणून गवंड्याने जमिनीला दाराकडे उतार दिलेला असतो आणि सहा मीटरमध्ये तो काही सेंटिमीटरचा असू शकतो. तो पाण्याच्या लेव्हल पाइपने तपासता येतो. कॅमेऱ्याची उंची पाच सेंटिमीटरने चुकली तर निव्वळ टाइलच्या आधारे काढलेली उंची पावणेतीन सेंटिमीटरने चुकते. माणूस चौकटीजवळ असेल आणि हिशेब चौकटीवरच्या वाचनाने केला असेल, तर तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत राहते. संदर्भवस्तू माणसाच्या जितकी जवळ तितकी बाकीची अज्ञाने तिच्यात गिळली जातात, हा तिचा खरा उपयोग आहे.

शरीर म्हणजे दांडी नव्हे

वरच्या सगळ्या चुका काळजीने, चांगल्या उपकरणाने आणि वेळ देऊन कमी करता येतात. आता जी चूक सांगायची आहे ती मोजणाऱ्याच्या हातात नसते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तिच्यातच आहे.

आपण ज्याला माणसाची उंची म्हणतो ती अनवाणी, भिंतीला टाचा लावून, मान सरळ आणि नजर समोर ठेवून मोजलेली असते. दुकानात शिरणारा माणूस असा कधीच नसतो. चालताना प्रत्येक पावलागणिक डोके वर-खाली होते. एक पाय सरळ जमिनीवर आणि दुसरा त्याच्या शेजारून पुढे जात असतो तेव्हा डोके सर्वांत वर असते. दोन्ही पाय टेकलेले आणि फाकलेले असतात तेव्हा ते सर्वांत खाली येते. साध्या चालीत हा फरक चार-पाच सेंटिमीटरचा असतो. त्यातून गुडघे थोडे वाकलेले असतात, खांदे पडलेले असतात, मान पुढे असते, आणि ज्याला आपला चेहरा दिसू द्यायचा नाही तो मान मुद्दाम खाली घालतो. या सर्व गोष्टी एकाच दिशेने काम करतात, त्या दिसणारी उंची कमी करतात.

उलट दिशेने काम करणाऱ्या गोष्टी अंगावर घातलेल्या असतात. चप्पल सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंची देते, जाड तळाचा बूट तीन-चार सेंटिमीटर. डोक्यावर टोपी, हेल्मेट किंवा उन्हासाठी बांधलेला रुमाल असेल तर टाळू कुठे आहे हे दिसतच नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत फेटा बांधलेला माणूस चित्रात असेल, तर फेट्याखालची टाळू शोधण्याचा प्रयत्न न करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. अशा वेळी डोळ्यांची किंवा कानाची उंची काढून तिथे थांबावे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पाठीच्या कण्यातील चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात, त्यामुळे तोच माणूस सकाळी उठल्यावर जितका उंच असतो त्यापेक्षा संध्याकाळी एक-दोन सेंटिमीटरने कमी भरतो. रात्री नऊच्या फुटेजमधील माणूस आणि सकाळी ठाण्यात मोजलेला संशयित यांच्यात तेवढा फरक मुळातच असतो.

म्हणून न्यायवैद्यक तज्ज्ञ जागेवर जाऊन मोजमाप करण्याची एक वेगळी रीत वापरतात. घटनेनंतर कॅमेरा हलवलेला नाही याची आधी खात्री करतात: जुन्या आणि नव्या चित्रातील शटर, टाइलचे सांधे, स्विचबोर्ड एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. मग माणूस उभा होता तिथेच खुणांची उभी दांडी ओळंब्याने सरळ धरून त्याच कॅमेऱ्याने, त्याच डीव्हीआरवर चित्र घेतात आणि दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून टाळूची खूण दांडीवर वाचतात. भिंगाने जुने चित्र जसे वाकवले तसेच नवेही वाकवलेले असते, त्यामुळे तो दोष आपोआप वजा होतो आणि लांबलचक हिशेबही टळतो. पायाचे स्थान, पुसट कड आणि शरीराची ढब या तीन चुका मात्र उरतात.

त्यांचा आकार कळावा म्हणून पुढची पायरी असते. ज्यांची उंची माहीत आहे अशा काही स्वयंसेवकांना त्याच जागी, चित्रातल्या माणसासारखेच चालायला आणि थांबायला लावायचे, आणि त्यांची खरी उंची न सांगता त्याच मोजणाऱ्याकडून त्याच रीतीने ती मोजून घ्यायची. आपल्या दुकानात असे सहा जण घेतले आणि मोजलेल्या उंचीतून खरी उंची वजा केल्यावर सेंटिमीटरमध्ये उणे ४.५, उणे २, उणे ६, उणे ३.५, उणे १ आणि उणे ४ असे फरक आले, असे समजू. त्यांची सरासरी उणे ३.५ येते. म्हणजे या जागी, या ढबीत, ही रीत माणसाला सरासरी साडेतीन सेंटिमीटरने बुटका दाखवते. अनोळखी माणसाचे मोजमाप १६३ आले असेल तर त्यात हे ३.५ मिळवून अंदाज १६६.५ होतो.

सरासरी मिळवली तरी सहा जणांमधला विखुरलेपणा तसाच राहतो. त्याचे प्रमाण विचलन १.८ सेंमी येते. नमुना फक्त सहा जणांचा असल्याने, पंचाण्णव टक्के खात्रीची मर्यादा काढताना नेहमीच्या दोनऐवजी जवळपास पावणेतीनने गुणावे लागते. उत्तर येते अधिक-उणे पाच सेंटिमीटर. अहवालात लिहायची गोष्ट म्हणजे १६१.५ ते १७१.५ सेंमी ही पट्टी, म्हणजे साधारण पाच फूट साडेतीन इंचांपासून पाच फूट साडेसात इंचांपर्यंत. कॅमेरा जागेवर आहे, पाय दिसत आहेत, तज्ज्ञ स्वतः जाऊन आला आहे आणि स्वयंसेवकही मिळाले आहेत, अशा चांगल्या परिस्थितीतली ही पट्टी आहे. बूट किती जाड होता हे माहीत नसेल तर ती आणखी रुंद होते, आणि स्वयंसेवकांची ढब त्या माणसाशी जुळत नसेल तर मिळवलेली सरासरीच चुकीची ठरते.

अनेकदा असा प्रश्न येतो, की एका चित्राऐवजी पन्नास चित्रांवर मोजून सरासरी घेतली तर चूक कमी होणार नाही का. खुणा करताना हात कधी वर, कधी खाली जातो, ती चूक नक्की कमी होईल. पण कॅमेऱ्याची उंची चुकीची धरली असेल, पायाचा बिंदू दर वेळी बुटाच्या टोकावरच ठेवला असेल किंवा माणूस सबंध फुटेजभर मान खाली घालून चालला असेल, तर पन्नासही मोजमापे एकाच बाजूला चुकतील आणि त्यांची सरासरी तितकीच चुकीची राहील. आकडे एकमेकांशी चांगले जुळतात म्हणून ते खरे आहेत, असे इथे म्हणता येत नाही. ही चूक फुटेजमधूनच पकडण्याचा एक मार्ग आहे: त्याच फुटेजमध्ये ज्याची उंची माहीत आहे असा दुसरा कोणी, दुकानाचा मालक किंवा नोकर, त्याच जागेवरून गेला असेल तर त्याची उंची त्याच रीतीने काढून पाहायची.

दहा सेंटिमीटरच्या पट्टीचा तपासात उपयोग किती, हे लोकसंख्येशी ताडून पाहावे लागते. भारतातील प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंमीच्या आसपास आहे. प्रमाण विचलन साडेसहा सेंटिमीटर धरले तर आपल्या पट्टीत निम्म्याहून थोडे अधिक पुरुष बसतात. पोलिसांनी पकडलेला संशयित १६७ सेंमीचा निघाला, तर उंची जुळली हे खरे असले तरी गल्लीतून जाणाऱ्या दर दोन पुरुषांपैकी एकाची ती जुळली असती. संशयित १८३ सेंमीचा निघाला, तर मात्र तो हा माणूस नसावा असे बऱ्याच वजनाने म्हणता येते. उंचीचा पुरावा वगळण्याच्या कामी येतो, ओळख पटवण्याच्या कामी फारसा येत नाही. अपवाद फक्त फार उंच किंवा फार ठेंगण्या माणसाचा, कारण पट्टी सरासरीपासून दूर गेली की तिच्यात बसणारे लोक झपाट्याने कमी होतात.

हे सगळे करता येण्याजोगे राहील की नाही, ते बऱ्याचदा घटनेनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत ठरते. दुकानदार मॉनिटरसमोर मोबाइल धरून चित्रीकरण करतो आणि तेवढेच जपून ठेवतो. मोबाइल तिरका धरलेला असतो, पडद्याच्या कडा कापलेल्या असतात आणि मूळ पिक्सेलवर दुसऱ्या कॅमेऱ्याचे पिक्सेल चढलेले असतात. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहितो, म्हणून मूळ फाइल त्याआधीच पेन ड्राइव्हवर, डीव्हीआर ज्या स्वरूपात देतो त्याच स्वरूपात काढून घ्यावी लागते. चोरीनंतर कॅमेऱ्याचे तोंड आणखी चांगले दिसावे म्हणून वळवण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो आवरावा, नवीन कॅमेरा हवा असेल तर तो शेजारी बसवावा आणि जुना तज्ज्ञ येऊन जाईपर्यंत आहे तसाच, त्याच कोनात आणि त्याच सेटिंगवर राहू द्यावा. शटर, काउंटर किंवा टाइल बदलायच्या असतील तर त्याआधी कॅमेऱ्याची उंची, चौकटीपर्यंतचे अंतर, चौकटीची जमिनीपासूनची उंची आणि टाइलची सांध्यापासून सांध्यापर्यंतची लांबी टेपने मोजून, तारीख घालून लिहून ठेवावी.